लोगोच्या कामात ‘एक राउंड’ म्हणजे नेमकं किती? अमर्याद बदल, तासाचा दर आणि ठरलेला दर यांची तुलना

मुंबईत एकट्याने किंवा दोघातिघांच्या स्टुडिओत लोगोची कामं करणाऱ्याला कोटेशन लिहिताना एका ओळीपाशी थांबावंच लागतं: बदल किती वेळा करून देणार, आणि त्यापुढे काय? बहुतेक जण तिथे ‘दोन राउंड फ्री’ लिहून मोकळे होतात. मीही कित्येक वर्षं तेच लिहीत होतो. ही तुलना त्या ओळीपुढे काय लिहायचं याची आहे. अमर्याद बदल द्यावेत, जादा बदलांना तासाचा दर लावावा, की जादा राउंडची ठरावीक रक्कम सांगावी? तिन्ही मी करून बसलो आहे. तिन्ही वेळा लोगो आणि त्याची एक दुकानाची पाटी एवढंच काम होतं, आणि मूळ फी ३६,००० रुपये होती.

आधी स्वतःचे तास मांडतो, कारण त्याशिवाय कुठलाच दर ठरवता येत नाही. अशा कामात मला धंदा समजून घ्यायला, आजूबाजूच्या पाट्या पाहायला आणि कच्ची रेखाटनं करायला सात तास लागतात. त्यानंतर तीन ऑप्शन, प्रत्येकी पाच तास, म्हणजे एकूण बावीस. पहिल्या दोन राउंडना पाच-पाच तास जातात आणि शेवटच्या फाइली तयार करायला सहा. बेरीज अडतीस तास. ३६,००० भागिले ३८ केलं की तासाला साधारण ९४७ रुपये पडतात. हा आकडा डोक्यात ठेवा.

तिन्ही कामं संपल्यावर माझ्या वहीत उरलं ते असं:

| पद्धत | झालेले जादा राउंड | एकूण तास | हातात आलेली रक्कम | तासाला |
|---|---|---|---|---|
| अमर्याद बदल | ७ | ५९ | ३६,००० | ६१० |
| जादा बदलांना तासाचा दर | २ | ४७ | ४१,००० | ८७२ |
| जादा राउंडला ठरलेली रक्कम | २ | ४४ | ४४,००० | १,००० |

तीन कामांवरून नियम बांधायचा नसतो, हे मान्य. क्लायंट वेगळे, स्वभाव वेगळे. पण हे आकडे असे का आले ते पाहिलं, तर तुमच्या कामाला काय लागू पडेल ते कळेल.

अमर्याद बदल: दादरचं दुकान

दादर पश्चिमेला फराळाचे पदार्थ विकणारं एक घरगुती दुकान होतं. दोन भाऊ चालवायचे. नाव मराठीत, लोगो देवनागरी अक्षरांचा. मला काम हवं होतं, म्हणून ‘तुमचं समाधान होईपर्यंत’ असं म्हणून बसलो. पुढे नऊ राउंड झाले. ते कसे झाले हे जरा सविस्तर सांगतो, कारण सगळं उत्तर त्यातच आहे.

पहिल्या राउंडला धाकट्या भावाने व्हॉट्सअॅपवर चार व्हॉइस नोट पाठवल्या. त्याप्रमाणे केलं. दुसऱ्याला थोरल्याने लाल रंग मरून करायला सांगितला. तिसऱ्याला त्यांच्या वडिलांनी पाहिलं आणि ‘वरची रेघ नको, हाताने लिहिल्यासारखं वाटू दे’ असं सुचवलं. चौथ्याला वहिनींना मरून उदास वाटला, म्हणून लाल परत आला. पाचव्याला शिरोरेषेशिवाय नाव लांबून वाचता येत नाही म्हणून शिरोरेषा परत आली. सहाव्याला फ्लेक्सवाल्याने अक्षर जाड करायला सांगितलं. सातव्याला खाली इंग्रजीत नाव हवं झालं. आठव्याला इंग्रजी मोठं आणि मराठी लहान करायचं होतं. नवव्याला चौथ्या आणि सहाव्याच्या मधली जाडी ठरली आणि आम्ही सुटलो.

यातला एकही माणूस त्रास द्यायला बसला नव्हता. बदल फुकट होते, म्हणून घरातल्या प्रत्येकाने पाहिलं की मत दिलं, आणि मत आलं की मी फाइल उघडली. पहिल्या दोनांनंतरचे सात राउंड तसे लहान होते. तरी प्रत्येकी तीन तास गेले, कारण राउंडचा बराचसा वेळ बदल करण्यात जातच नाही. निरोप ऐकून लिहून काढणं, फाइल उघडणं, पाटीवर आणि पाकिटावर बसवून दाखवणं, पाठवणं, फोनवर समजावणं, यातच तो जातो. रंग बदलायला दहा मिनिटं लागली तरी त्याच्या आजूबाजूचे दोन तास तसेच राहतात.

मग अमर्याद बदल कधीच द्यायचे नाहीत का? एका परिस्थितीत मी अजूनही देतो. निर्णय घेणारा एकच माणूस असेल आणि बदलांना संख्येऐवजी तारखेची मर्यादा घालता येत असेल, तेव्हा. ‘ऑप्शन निवडल्यापासून दहा कामकाजाचे दिवस, एका वेळी एकच यादी, पहिली पूर्ण झाल्यावर दुसरी.’ अंधेरीतल्या एका क्लिनिकच्या डॉक्टरबाईंबरोबर हे छान जमलं. त्यांना दहा दिवसांत चारच याद्या द्यायला फुरसत मिळाली. कुटुंबाच्या दुकानाला मात्र हे देऊ नका. दहा दिवसांत ते दहा माणसांना दाखवतील.

तासाचा दर: हिशोब बरोबर, तरी भांडण

कागदावर हीच पद्धत सर्वांत न्याय्य दिसते. जितका वेळ, तितके पैसे. दुसऱ्या कामात मी दोन राउंड फीमध्ये धरले आणि त्यापुढे तासाला १,००० लिहिलं. जादा दोन राउंड झाले, सात तास लागले, ७,००० चं बिल गेलं. क्लायंटने विचारलं, ‘एक अक्षर जाड करायला चार तास?’

इथे थोडं अक्षरांकडे वळावं लागेल. देवनागरी अक्षर जाड करणं म्हणजे नुसती रेघ फुगवणं नव्हे. ‘ष’, ‘क्ष’, ‘श्र’ यांच्या पोटातली मोकळी जागा आधीच कमी असते. रेघ जाड झाली की ती बुजते, आणि पाटी रस्त्यापलीकडून पाहिली की तिथे डाग दिसतो. म्हणून अशी अक्षरं नव्याने काढावी लागतात, मग वेलांटी आणि मात्रांची जाडी त्यांना जुळवावी लागते, आणि सगळ्या अक्षरांमधलं अंतर पुन्हा बसवावं लागतं. शिरोरेषा काढायला सांगितली तर याहून जास्त. अक्षरांचे माथे त्या रेघेला टेकलेले असतात. रेघ गेली की ते उघडे पडतात, आणि प्रत्येकाचा वरचा भाग वेगळा घडवावा लागतो. हे चार तास खरे असतात. पण क्लायंटला दिसतो तो आधीचा लोगो आणि नंतरचा लोगो, आणि दोघांत त्याला उन्नीस-बीसचाच फरक वाटतो.

उलट रंग बदलला की चित्र एकदम वेगळं दिसतं, आणि त्याला तुम्हाला दहा मिनिटं लागलेली असतात. म्हणजे क्लायंटच्या डोळ्याला जे मोठं वाटतं ते तुमच्यासाठी किरकोळ, आणि त्याला जे किरकोळ वाटतं ते तुमचं अर्ध्या दिवसाचं काम. तासाचा दर हे अंतर नेमकं बिलावर आणून ठेवतो. मी वेळेचा तक्ता दाखवला, फोनवर समजावलं, त्यात आणखी दोन तास गेले. शेवटी ५,००० वर तडजोड झाली.

‘किरकोळ बदल’ आणि ‘मोठा बदल’ असे दोन दर लिहिणारेही आहेत. तीही याच कारणाने घसरणारी वाट आहे. किरकोळ कोणाच्या नजरेने, हे ठरवायला कोणी बसत नाही.

तासाचा दर चालतो तो मोठ्या कंपनीच्या मार्केटिंग विभागाशी. तिथे समोरचा माणूस एजन्सीची बिलं रोज पाहतो आणि वेळेचा तक्ता मागवतोच. तिथेही जादा कामाचा अंदाज आधी पाठवून होकार घ्यावा. काम करून झाल्यावर तास सांगितले की कुठल्याही ऑफिसात कपाळाला आठ्या पडतात.

ठरलेला दर: आकडा कसा काढायचा

तिसऱ्या कामात लिहिलं: फीमध्ये दोन राउंड, त्यापुढचा प्रत्येक राउंड ४,००० रुपये. क्लायंटने दोन जादा राउंड घेतले, विचार करून घेतले, आणि पैसे आधी पाठवले. विचार करून घेतले, हेच मला मोलाचं वाटतं. किंमत दिसली की घरातली चर्चा आमच्या चॅटवर न होता घरातच होते.

४,००० का? तीन तासांचे ९४७ प्रमाणे २,८४१ होतात. त्यावर मी भर घातली, कारण जादा राउंड दुसऱ्या कोणाच्या कामात घुसतो आणि तो दिवस मोडतो. एकूण फीच्या साधारण अकरा टक्के हा आकडा येतो. मी पूर्वी ५०० ठेवून पाहिलं होतं. तेव्हा लोक राउंड वडापावसारखे मागवायचे, आणि वर मला तक्रारीची सोयही नव्हती, कारण ‘पैसे देतोय ना’. दुसऱ्या टोकाला, एका मित्राने फीच्या तीस टक्के ठेवले. त्याच्या क्लायंटने जादा राउंड घेतलाच नाही. नावडलेला लोगो मुकाट्याने ‘फायनल’ केला, आणि नंतर फ्लेक्सवाल्याकडून परस्पर बदलून घेतला. आता तो लोगो स्टेशनबाहेर मित्राच्या नावावर टांगलेला आहे. दर असा हवा की माणूस थांबून विचार करेल, पण पळून जाणार नाही. दहा ते पंधरा टक्क्यांत ते जमतं असा माझा अनुभव आहे.

जीएसटी नोंदणी असेल तर जादा राउंडलाही १८ टक्के लागतो. ४,००० चे ४,७२० होतात. ‘अधिक जीएसटी’ हे दोन शब्द त्याच ओळीत घाला, नाहीतर ते ७२० तुमच्या खिशातून जातील.

खरा प्रश्न: राउंड कशाला म्हणायचं

दर ठरला तरी दादरच्या कामाचं काय झालं असतं? मी नंतर त्या नऊ राउंडना आजची माझी व्याख्या लावून पाहिली. ती अशी आहे:

‘एक राउंड म्हणजे निवडलेल्या एका ऑप्शनवर, ठरलेल्या एका व्यक्तीकडून, लेखी आणि एकत्र आलेली बदलांची एक यादी. त्यात कितीही मुद्दे चालतील. यादी आमच्याकडून पूर्ण होऊन पुन्हा पाठवली की राउंड संपला. नाव, लिपी किंवा अक्षरांची मूळ घडण बदलणं हा राउंड नाही, तो नवा ऑप्शन आहे. ज्याचा उल्लेख या कोटेशनमध्ये नाही ते वेगळं काम आहे. आमच्या हातून झालेली चूक राउंडमध्ये मोजली जाणार नाही.’

या व्याख्येने पहिला, दुसरा आणि चौथा मिळून एकच राउंड होतो. दोन भाऊ आणि वहिनी एकत्र बसले असते तर लाल-मरूनचा वाद त्यांच्या जेवणाच्या टेबलावर मिटला असता. सहावा आणि नववा, दोन्ही जाडीचे, मिळून दुसरा राउंड. तिसरा, वडिलांचा, राउंडच नाही. शिरोरेषा काढून हस्ताक्षरी वळण देणं ही अक्षरांची मूळ घडण बदलणं आहे, म्हणजे नवा ऑप्शन. त्याचा माझा दर ७,०००. पाचवा म्हणजे त्यातून मागे येणं. जुनी फाइल होती, त्याचं काही लावू नये. सातवा आणि आठवा, इंग्रजी नावाचे, हे वेगळं काम. त्याला मी आज ६,००० सांगेन.

म्हणजे दोन राउंड, दोन्ही फीमध्ये. जादा राउंड एकही नाही. तरीही बिल ४९,००० चं झालं असतं. किंवा ७,००० ऐकून वडिलांनी हस्ताक्षराचा हट्ट सोडला असता, तरी माझा एक दिवस वाचला असता. म्हणून ‘दोन की तीन राउंड’ यावर घासाघीस करणाऱ्या क्लायंटला मी आता तिसरा सहज देऊन टाकतो. व्याख्येतली ‘एका व्यक्तीकडून’ आणि ‘एकत्र’ हे शब्द मात्र सोडत नाही.

ती एक व्यक्ती कोण, ते नावानिशी लिहा. घरच्या धंद्यात सरळ विचारायचं: ‘शेवटी बाबांना दाखवणार का? मग त्यांना पहिल्याच दिवशी बसवू या.’ कोणी रागावत नाही. उलट थोरल्या पिढीला मान दिल्यासारखं होतं, आणि तिसऱ्या राउंडचा बॉम्ब पहिल्याच दिवशी फुटतो.

व्हॉइस नोट आली तर मी ती ऐकून मुद्दे लिहून परत पाठवतो: ‘मला हे पाच बदल समजले. आणखी काही? नसेल तर राउंड १ सुरू करतो.’ त्यावर ‘हो’ आलं की ती यादी झाली. हे न करता थेट कामाला लागलात, तर दुपारी सहावा बदल येतो आणि तो कुठल्या राउंडचा यावर वाद होतो.

पाटीचा नियम आणि दुसरी लिपी

मुंबईत दुकानाचा लोगो करणाऱ्याने दुसऱ्या लिपीचा प्रश्न कोटेशनमध्येच सोडवायला हवा. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुकानं आणि आस्थापनांवर देवनागरीतली मराठी पाटी सक्तीची आहे, आणि त्यावरची मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान असून चालत नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली, आणि त्यानंतर महापालिकेने कारवाई सुरू केली. दादरच्या आठव्या राउंडमधलं ‘इंग्रजी मोठं, मराठी लहान’ हे पाटीवर लावता आलंच नसतं. तो राउंड मी करून दाखवला, मग नियम सांगितला, मग तो रद्द झाला. सांगायचं आधी, करायचं नंतर, हे मला तेव्हा सुचलं नाही.

इंग्रजी नावाच्या धंद्यांत हे उलटं घडतं. लोगो रोमन अक्षरांत फायनल होतो, आणि पाटीच्या वेळी कोणाला तरी देवनागरी आठवतं. मग ‘तेच जरा मराठीत करून द्या’ असा निरोप येतो. तेच मराठीत करणं म्हणजे दुसरा लोगो काढणं. म्हणून दोन्ही लिपी हव्यात का हे पहिल्या भेटीत विचारा, आणि हव्या असतील तर मूळ फीमध्येच धरा.

पूर्ण ब्रँडिंग असेल, म्हणजे लोगो, पाकिटं, कार्ड, पाटी, तर राउंड टप्प्याटप्प्याने वाटावेत. लोगोला दोन, पाकिटाला दोन, कार्डाला एक. लोगोचे उरलेले राउंड पाकिटाला वापरता येणार नाहीत, एवढं लिहिलं की पुरे.

पैसे कधी, फाइल कधी

जादा राउंडचे पैसे काम सुरू करण्याआधी घ्यायचे. शेवटच्या बिलात जोडलेले ८,००० रुपये हे क्लायंटच्या मते झालेल्या गोष्टीचे असतात आणि त्यांवर सूट मागणं त्याला आपला हक्क वाटतो. यूपीआयने पाच मिनिटांत येणारी रक्कम आहे. मागायला लाजू नका.

मोठी पकड शेवटच्या फाइलींची आणि हक्काची असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कॉपीराइटचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशी व्हावं लागतं. बाहेरच्या डिझायनरने काढलेल्या लोगोबाबत नुसत्या तोंडी बोलण्याने ते होत नाही. म्हणून मी एक ओळ ठेवतो: ‘जादा राउंडसह सर्व रक्कम मिळाल्यावर निवडलेल्या लोगोचे हक्क लेखी हस्तांतरित होतील. न निवडलेले ऑप्शन स्टुडिओकडे राहतील.’ या दुसऱ्या वाक्यामुळे ‘तो दुसरा ऑप्शन पण द्या, भावाच्या दुकानाला होईल’ हा प्रश्नही मिटतो.

फायनलवर लेखी होकार घेण्याचं आणखी एक कारण ट्रेडमार्कचं आहे. अर्ज दाखल झाल्यावर चिन्हात ठळक बदल करून तोच अर्ज चालवता येत नाही. नवा अर्ज आणि नवी फी लागते. क्लायंटचा सीए फाइल मागायला लागला की मी आधी विचारतो, सगळ्यांनी पाहिलंय ना?

तुम्ही कुठलं घ्यावं

घरगुती धंदा आणि निर्णयाला चारपाच माणसं: ठरलेला दर, वरच्या व्याख्येसह, आणि वडीलधारे पहिल्याच दिवशी. एकच मालक आणि तारखेची घाई: मुदतीतले अमर्याद बदल चालतील. मार्केटिंग विभाग आणि पर्चेस ऑर्डर: तासाचा दर, अंदाज आधी. काम १०,००० च्या आत असेल तर यातलं काहीच नको. एक ऑप्शन, एक राउंड, संपलं.

आणि जादा राउंड मेहरबानी म्हणून सोडायचाच असेल, सोडावाही लागतो कधी, तर तो बिलातून गायब करू नका. ‘जादा राउंड, १: ४,०००. सूट: ४,०००.’ असं छापा. तिसऱ्या कामाच्या क्लायंटला मी सणाच्या आधीचा एक छोटा बदल असाच सोडला. चार महिन्यांनी तो पाकिटांचं काम घेऊन आला, तेव्हा त्यानेच विचारलं, ‘यात राउंड किती धरलेत? तुमचा जादाचा दर तोच ना, चार हजार?’